वेबिनारच्या मेलमध्ये वेळ कशी लिहावी, म्हणजे सिडनी ते न्यू जर्सी सगळे बरोबर वेळेला येतील?

बोरू

आम्ही पुण्यातून मोडी लिपीचे ऑनलाइन वर्ग घेतो. शिकवणारे सर निवृत्त आहेत, आम्ही तिघे-चौघे व्यवस्था बघतो. शिकणारे मात्र जगभर पसरलेले: दुबई, लंडन, डब्लिन, न्यू जर्सी, टोरोंटो, सिंगापूर, सिडनी. आता तीन शनिवारी तीन वर्ग आहेत, २८ मार्च, ४ एप्रिल आणि ११ एप्रिल २०२६. भारतात तिन्ही दिवशी संध्याकाळी साडेसात.

मदत मागतेय कारण मागच्या वेळी, शनिवारी १ नोव्हेंबर २०२५ ला, माझ्या मेलमुळे बऱ्याच लोकांचा वर्ग हुकला. मेलमधली ओळ अशी होती:

"शनिवार १/११, ७:३० PM IST / १० AM EST / ३ PM UK / १ AM Sydney"

लंडनचे सहाजण तासभर उशिरा आले. अमेरिकेतले बहुतेक वेळेवर आले, पण दोघेजण अकराला उगवले आणि "आम्ही नीट हिशेब करून आलो" म्हणत होते. सिडनीच्या एक आजी शुक्रवारी रात्री जागून एक वाजता पडद्यासमोर बसल्या होत्या. वर्ग त्यानंतर चोवीस तासांनी होता. त्यांनी रागाने नाही, अगदी शांतपणे कळवलं, ते मला जास्त लागलं.

यंदा मेल कशी लिहू? मेल उघडली की ज्याची त्याला आपोआप आपली वेळ दिसेल असं काही करता येतं का?

एडिसनकर

सोपं आहे. जीएमटी लिहा आणि मोकळे व्हा. १४:०० जीएमटी. लंडनवाल्यांची तीच वेळ, बाकीच्यांनी आपापलं अधिक-उणे करावं. आमच्या कंपनीत सगळं असंच चालतं.

डब्लिनची_जुई

बोरू, तुमच्या ओळीतला आयएसटी आधी काढा. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या वेळेला आयरिश स्टँडर्ड टाइम म्हणतात, तोही आयएसटीच. २८ मार्चला आयर्लंडचं घड्याळ अजून हिवाळ्याचं असेल, तेव्हा निभावेल. पण ४ एप्रिलला "७:३० PM IST" वाचून माझ्या शेजारची मराठी मुलगी संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडेल आणि तिचं काहीही चुकलेलं नसेल. तोवर पुण्यात मध्यरात्र झालेली असेल. इस्रायलचाही आयएसटी आहे.

कासारवडवली

संध्याकाळची साडेसात ही वेळच चुकीची आहे असं मला वाटतं. घरात दिवाबत्ती, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. रविवारी सकाळी ठेवा की. आणि रेकॉर्डिंग द्या म्हणजे प्रश्नच मिटला.

बोरू

कासारवडवली, वेळ सरांच्या सोयीने ठरली आहे आणि ती बदलणार नाही. रेकॉर्डिंग देतोच, पण मोडीत प्रत्येकाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून सर वळण सुधारून देतात, ते रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही. माझा प्रश्न ठरलेली वेळ लिहायची कशी एवढाच आहे.

घड्याळजी

माझी चौदा वर्षं कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी नोव्हेंबरमध्ये काय झालं ते पाहू, कारण तुमच्या एका ओळीत तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि प्रत्येकीने वेगळ्या लोकांना फसवलंय.

तुमची खरी वेळ होती भारतात साडेसात, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत १४:००. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर तेवढाच. इथवर ठीक.

लंडन: युरोपने घड्याळं २६ ऑक्टोबरला मागे घेतली होती. म्हणजे १ नोव्हेंबरला लंडनमध्ये दुपारचे दोन वाजले होते, तीन नव्हे. "३ PM" तुम्ही आधीच्या, बहुधा सप्टेंबरच्या मेलमधून उचललं असणार.

अमेरिका: त्यांची घड्याळं बदलणार होती २ नोव्हेंबरला, तुमच्या वर्गाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे त्या शनिवारी न्यू जर्सीत अजून उन्हाळ्याचीच वेळ, ईडीटी, चालू होती. सकाळचे दहा बरोबरच होते, पण तुम्ही त्यापुढे ईएसटी, म्हणजे हिवाळ्याची वेळ, लिहिलंत. ज्यांनी अक्षरांकडे लक्ष न देता "आपले दहा" असं वाचलं ते वेळेवर आले. ज्या दोघांनी प्रामाणिकपणे कन्व्हर्टरमध्ये "10 AM EST" टाकलं, त्यांना यूटीसी १५:०० मिळालं, म्हणजे त्यांच्या घड्याळात अकरा. त्यांचा हिशेब खरंच बरोबर होता.

सिडनी: वेळ बरोबर, वार चूक. तिथे एक वाजला होता तो रविवार २ नोव्हेंबरचा. पण ओळीच्या सुरुवातीला "शनिवार" एकदाच लिहिलेला, तो सगळ्यांना लागू झाला. शनिवारी रात्री एक म्हणजे शुक्रवारची रात्र उलटल्यावर, असं त्या आजींनी वाचलं, आणि तसंच वाचायला हवं.

आता एडिसनकरांचं म्हणणं. यूटीसी हा हिशेबाचा पाया म्हणून उत्तम आहे. पण "जीएमटी म्हणजे लंडनची वेळ" हे फक्त हिवाळ्यात खरं. २८ मार्चला १४:०० जीएमटी म्हणजे लंडनमध्ये दुपारचे दोन, योगायोगाने जुळतंय. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, त्यांची घड्याळं पुढे जातात. ४ एप्रिलला १४:०० जीएमटी असेल तेव्हा लंडनच्या भिंतीवर तीन वाजलेले असतील. तुमचे लंडनकर जीएमटी वाचून दोनला येतील आणि तासभर रिकाम्या खोलीत बसतील.

एडिसनकर

हे मान्य. आमच्या ऑफिसात सगळे इंजिनियर, त्यामुळे यूटीसी आणि जीएमटीत कोणी फरकच करत नाही आणि चालून जातं. आजीआजोबांना पाठवायच्या मेलमध्ये चालणार नाही.

पण एक विचारतो. अमेरिकेत घड्याळं ८ मार्चलाच पुढे गेली. मग २८ मार्चला लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक धरायचा की चार?

घड्याळजी

चार. ८ मार्च ते २९ मार्च हे तीन आठवडे फरक चार तासांचा, मग पुन्हा पाच. वर्षातून असं दोनदा होतं, वसंतात तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा, आणि पाठ केलेला फरक तिथेच दगा देतो. बोरूंचे दोन्ही कार्यक्रम नेमके त्या फटीत पडलेत. म्हणून जुन्या मेलमधल्या वेळा कधीच कॉपी करू नयेत, प्रत्येक तारखेसाठी नव्याने काढाव्यात.

माहीमकर

थोडं अवांतर, पण आठवलं म्हणून लिहितो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे होती आणि शहरात कितीतरी वर्षं दोन्ही चालू होत्या. माझे वडील सांगायचे की लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्त "मुंबई टाइम" की "स्टँडर्ड टाइम" हे आधी बघावं लागे. पत्रिकेत तसं छापलेलं असे आणि ते वाचायची लोकांना सवय होती. आकड्याशेजारी कोणाचं घड्याळ ते लिहायचं, एवढं तरी तुमच्या मेलमध्ये हवं.

बोरू

माहीमकर काका, हे मला माहीतच नव्हतं. सरांना सांगते, त्यांना फार आवडेल.

घड्याळजी, प्रत्येक चूक अशी सुटी करून दाखवलीत त्याबद्दल मनापासून आभार. आता समजलं की लोक बेफिकीर नव्हते. मग अक्षरांऐवजी काय लिहू? आणि आपोआप वेळ दिसण्याचं राहिलंच.

घड्याळजी

अक्षरांऐवजी शहर लिहा. "न्यूयॉर्क, सकाळी १०" असं लिहिलं की ईएसटी का ईडीटी हा प्रश्नच उरत नाही, कारण त्या दिवशी न्यूयॉर्कच्या भिंतीवर जे वाजलेलं असेल ते. प्रत्येक शहरापुढे वार आणि तारीख पुन्हा लिहा, वाचायला कंटाळवाणं वाटलं तरी. महिना शब्दात लिहा. तुमचा तिसरा वर्ग ११ एप्रिलचा आहे. "११/०४/२०२६" असं लिहिलंत तर अमेरिकेत वाढलेली मुलं ते ४ नोव्हेंबर वाचतील.

आपोआप दिसण्याबद्दल: मेलमध्ये ते होत नाही. वेबपेज तुमच्या ब्राउझरला विचारू शकतं की घड्याळ कुठलं आहे, कारण तिथे स्क्रिप्ट चालते. मेलमधली स्क्रिप्ट मेलचे प्रोग्राम सुरक्षिततेसाठी काढून टाकतात. मेलमध्ये लिहिलेला आकडा सगळ्यांना तोच दिसतो. म्हणून दोन गोष्टी जोडा. एक, timeanddate.com वर कार्यक्रमाची वेळ टाकून लिंक बनवता येते, ती उघडली की वाचणाऱ्याच्या गावची वेळ दिसते. दोन, कॅलेंडरची .ics फाइल. ती उघडली की फोन स्वतःच हिशेब करून आपल्या कॅलेंडरात नोंद टाकतो.

बोरू

फाइल आम्ही नोव्हेंबरमध्येही जोडली होती! एका स्वयंसेवकाने हाताने बनवली होती. दुबईच्या दोघांच्या फोनवर ती संध्याकाळी साडेसात दाखवत होती, म्हणजे दीड तास उशीर. तेव्हापासून मी त्या फाइलच्या वाटेला गेले नाही.

घड्याळजी

ती ओळ बहुतेक अशी असणार:

```
DTSTART:20251101T193000
```

हिला कुठलाच देश नाही. अशी वेळ ज्या फोनवर उघडेल त्या फोनच्या गावची साडेसात होते. दुबईत साडेसात, लंडनमध्येही साडेसात. वाईट म्हणजे पुण्यात तपासलं तर ती अगदी बरोबर दिसते, त्यामुळे बनवणाऱ्याला संशयच येत नाही. शेवटी `Z` लावून यूटीसीत लिहा:

```
BEGIN:VCALENDAR
VERSION:2.0
PRODID:-//modi-varg//MR
BEGIN:VEVENT
UID:modi-varg-1@example.org
DTSTAMP:20260301T060000Z
DTSTART:20260328T140000Z
DTEND:20260328T153000Z
SUMMARY:मोडी वर्ग १
END:VEVENT
END:VCALENDAR
```

`example.org` च्या जागी तुमचं डोमेन घाला. `UID` प्रत्येक वर्गाचा वेगळा ठेवा. पुढे वेळ बदलावी लागली तर सुधारलेल्या फाइलमध्ये तोच `UID` राहू द्या. नवा दिलात तर लोकांच्या कॅलेंडरात जुनी आणि नवी अशा दोन नोंदी दिसतील आणि त्यातली खरी कुठली ते कोणालाच कळणार नाही.

जीमेल वापरणाऱ्यांसाठी लिंकही देता येईल:

```
https://calendar.google.com/calendar/render?action=TEMPLATE&text=Modi+Varg+1&dates=20260328T140000Z/20260328T153000Z
```

पाठवण्याआधी स्वतःला मेल करा आणि फोनचं टाइम झोन हाताने न्यूयॉर्क करून फाइल उघडा. सकाळी दहा दिसायला हवं. मग सिडनी करा. रविवार, पहाटे एक दिसायला हवं. दोन्ही जुळलं तर बाकीची शहरंही जुळतील. पुण्याचं झोन ठेवून केलेली तपासणी काहीच सिद्ध करत नाही.

लंडन_शाळा

आमची उलटी अडचण आहे. इथे दर शनिवारी दुपारी दोनला मुलांचा मराठी वर्ग असतो आणि नागपूरच्या बाई ऑनलाइन शिकवतात. आम्हीही वरच्यासारखी Z वाली नोंद करून "दर आठवड्याला" असं लावलं होतं. २९ मार्चनंतर तीच नोंद इथे दुपारी तीन दाखवू लागते. हॉल आम्हाला दोन ते साडेतीनच मिळतो. मागच्या वर्षी बाई वेळेवर आल्या आणि मुलं तोवर निघायच्या बेतात होती.

घड्याळजी

कारण तुमचं घड्याळ लंडनचं आहे, हॉल लंडनला बांधलेला आहे. बोरूंचं घड्याळ पुण्याचं, आणि पुणं कधी हलत नाही, म्हणून त्यांना यूटीसीत लिहिलेलं चालतं. तुमची दर आठवड्याची नोंद `Europe/London` या झोनला बांधायला हवी. ती हाताने लिहू नका, कॅलेंडरमध्येच कार्यक्रम तयार करताना टाइम झोन लंडन निवडा. मग हलतील त्या बाई: २८ मार्चला त्यांचे साडेसात, ४ एप्रिलपासून साडेसहा. हे त्यांना आधी फोन करून सांगा. नागपुरात बसलेल्या माणसाला इकडची घड्याळं बदलल्याचं कळायला काही मार्ग नसतो.

लंडन_शाळा

बाईंना आजच सांगते. त्यांनी मागच्या वेळी स्वतःचीच चूक समजून माफी मागितली होती.

नर्मदा_सिडनी

बोरू, त्या आजी माझ्या सासूबाई. त्यांनी मला हा धागा दाखवायला सांगितला, तेव्हा काळजी करू नका, राग नाही. त्या पुन्हा नाव नोंदवणार आहेत.

फक्त तिसऱ्या वर्गाकडे लक्ष द्या. आमची घड्याळं ५ एप्रिलला मागे येतात. पहिले दोन वर्ग आमच्याकडे रविवारी पहाटे एकला. तिसरा बरोबर रात्री बारा वाजता! "रविवार १२ एप्रिल, रात्री १२" असं लिहिलंत तर इथले अर्धे लोक रविवारची रात्र धरतील.

डब्लिनची_जुई

मध्यरात्र कधीच लिहू नये. पंधरा मिनिटं पुढे ढकला, पावणेआठ करा, म्हणजे सिडनीत सव्वाबारा होतील.

कासारवडवली

सव्वाबारानेही तोच घोटाळा होणार. रात्रीचे सव्वाबारा म्हटलं की माणूस झोपण्याआधीचा वार धरतो, घड्याळातला नाही. आम्ही गावी बारशाचं आमंत्रण देतानासुद्धा "शनिवारची रात्र उजाडताना" असं बोलतो. आणि सात वाजता सुरू केलंत तर तिसरा वर्ग त्यांच्याकडे शनिवारीच रात्री साडेअकराला येईल, बरं पडेल.

बोरू

कासारवडवली, सातची कल्पना सरांना विचारली. ते सहाला देवळात जातात, सातला परत येऊन बसणं त्यांना जमणार नाही. पण "उजाडताना" वरून मार्ग सुचला. मी दोन्ही वार लिहिणार आहे. पहिल्या वर्गाचा मसुदा बघा, नजरचूक असेल तर सांगा:

विषय: मोडी वर्ग १, शनिवार २८ मार्च २०२६, पुण्यात संध्याकाळी ७:३०

वर्ग दीड तासाचा आहे. तुमच्या गावच्या घड्याळात तो कधी सुरू होईल:

पुणे: शनिवार २८ मार्च, संध्याकाळी ७:३०
दुबई: शनिवार २८ मार्च, संध्याकाळी ६:००
लंडन, डब्लिन: शनिवार २८ मार्च, दुपारी २:००
न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टोरोंटो: शनिवार २८ मार्च, सकाळी १०:००
सिंगापूर: शनिवार २८ मार्च, रात्री १०:००
सिडनी: रविवार २९ मार्च, पहाटे १:००. शनिवारी रात्री झोपू नका, त्याच रात्री वर्ग आहे.

तुमचं गाव यात नसेल तर ही लिंक उघडा, तुमची वेळ दिसेल. सोबतची फाइल उघडली की वर्ग तुमच्या कॅलेंडरात नोंदला जाईल. हिशेब करणाऱ्यांसाठी: १४:०० यूटीसी.

ही वेळ फक्त २८ मार्चची आहे. लंडन-डब्लिनमध्ये पुढच्या वर्गाला दुपारचे ३ वाजलेले असतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची मेल वेगळी येईल.

एडिसनकर

छान झालंय. माझी बहीण फीनिक्सला असते. ॲरिझोनात घड्याळं बदलतच नाहीत, त्यामुळे "पॅसिफिक" की "माउंटन" यात ती नेहमी गोंधळते. तिचं शहरही घालाल का? त्या दिवशी तिथे सकाळचे सात.

घड्याळजी

शहरं किती घालायची याला अंत नाही, सहा-सातच्या वर गेलात की लोक चुकीची ओळ वाचतात. नोंदणी करताना गाव विचारा आणि ज्यांनी नोंदणी केली तेवढीच शहरं घाला. बाकीच्यांना लिंक आहेच.

मसुदा मी उलट तपासला. प्रत्येक वेळेतून त्या शहराचा फरक काढला: दुबई १८ उणे ४, सिंगापूर २२ उणे ८, न्यूयॉर्क १० अधिक ४, लंडन १४ उणे शून्य. सगळीकडे १४ येतात. सिडनी पहाटे १ उणे ११, म्हणजे आदल्या दिवसाचे १४. बरोबर आहे.

डब्लिनची_जुई

बहिणीचं नाव फीनिक्समधून आलं तर ओळ वाढवा असं मला वाटतं. एकटीच असली म्हणून तिने लिंक का शोधायची? घड्याळजींशी इथे सहमत नाही.

नर्मदा_सिडनी

सासूबाईंनी मसुदा वाचला. त्या म्हणाल्या, "शनिवारी रात्री झोपू नका" ऐवजी "शनिवारी रात्री जेवून, झोपण्याआधी" असं लिहा. दुपारी झोप काढून त्या बसणारच आहेत.

बोरू

तसंच लिहिते. आणि तिसऱ्या वर्गाची मेल पाठवण्याआधी मसुदा त्यांना दाखवाल का? रात्री बाराची ओळ त्यांनीच सांगावी.